जुन्या देवळाच्या दुरुस्तीसाठी वारसा संस्थेकडे निधी मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली ‘देऊळ’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. समाधी, दर्गा, छोटी देवळी, यांतलं काहीही असलं तरी दगड, विटा आणि चुना यांचं वागणं तेच असतं, आणि प्रस्ताव वाचणाऱ्यांचे प्रश्नही तेच.

प्रस्तावाच्या शीर्षकात ‘जीर्णोद्धार’ लिहावं का?

शक्यतो नको. आपल्या बोलण्यात जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक वेळा जुनं उतरवून नवं उभारणं. वारसा संस्था नेमक्या त्याच गोष्टीला पैसे देत नाहीत. त्यांना जुनं आहे ते टिकवायचं असतं. ‘जतन आणि दुरुस्ती’ असं लिहा. पण शब्द बदलून आत नव्या सभामंडपाचा नकाशा जोडला तर काही उपयोग नाही. वाचणारा आधी नकाशे उलगडतो, शीर्षक नंतर वाचतो.

लिहायला सुरुवात कुठून करायची? इतिहासापासून?

अर्जाच्या नमुन्यात इतिहास पहिला असतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. मी उलटं सुचवेन. आधी देवळाला एक पूर्ण पावसाळा बघा आणि पाणी कुठून येतं ते लिहून काढा. प्रस्तावाचा कणा एकाच साखळीचा असतो: कुठे काय बिघडलं आहे, ते का बिघडलं, त्यावर कोणतं काम करायचं, त्या कामाला किती खर्च येईल. इतिहासानं यातल्या ‘का’ला पुरावा द्यायचा असतो. अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ या साखळीतल्या एखाद्या कामाची असायला हवी. ज्या ओळीमागे बिघाडच सापडत नाही, ती ओळ तपासणारा खोडतो, आणि मग बाकीच्या ओळींकडेही संशयानं बघतो.

ओल कुठून येते हे तज्ज्ञाशिवाय कळतं का?

शेवटचा निर्णय संवर्धन वास्तुविशारदावर सोडा, पण तो येईपर्यंत तुमच्याकडे नोंदी असल्या तर त्याचं निदान पक्कं होतं.

तीन प्रकारची ओल तीन वेगळ्या वेळांना दिसते. छतातून किंवा शिखरातून झिरपणारं पाणी पाऊस पडल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग दाखवतं आणि उघडीप मिळाली की डाग फिका होतो. जमिनीतून चढणारी ओल भिंतीवर साधारण एकाच उंचीवर रेघ मारते. तिच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, जमतो आणि ती रेघ कोरड्या दिवसांतही हटत नाही. तिसरी ओल हवेतली. बंद गाभारा, तेवणारे दिवे, गर्दीचा श्वास, आणि थंड दगडावर सुटलेला घाम. ही पाऊस नसतानाही येते आणि दार उघडं ठेवलं की कमी होते.

ओलीच्या रेघेवर पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा आणि दर पंधरवड्याला एकाच जागेवरून फोटो घ्या. खूण गिलाव्यावर करा, कोरीव दगडावर नको. तडा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर मोजत राहा. वर्षभरात अंतर बदललं नाही तर तो जुना, थांबलेला तडा आहे आणि तो भरून चालतं. अंतर वाढत असेल तर पाया किंवा वरचा भार तपासावा लागतो, आणि ते काम अगदी वेगळ्या खर्चाचं असतं. दोन्हींना ‘तडे बुजवणे’ या एकाच ओळीत घातलेले प्रस्ताव मी पाहिले आहेत. ते परत येतात.

इतिहास किती लिहायचा? दंतकथा घ्यायची का?

दोन पानं पुष्कळ. दंतकथा जरूर घ्या, पण ‘इथले लोक असं सांगतात’ म्हणून, वेगळ्या परिच्छेदात. लोकांच्या मनातलं जागेचं स्थान त्यातून कळतं. बांधकामाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही.

संस्थेला राजवंशापेक्षा देवळाच्या अंगावर आजवर झालेल्या कामांचा इतिहास हवा असतो: मूळ बांधकाम कशाचं, शिखर नंतरचं आहे का, गिलावा कधी चढला, अंगणात फरशी कधी बसली, सिमेंट कधी आलं. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेनं मांडलेली दोन तत्त्वं इथे थेट लागू पडतात. एक म्हणजे, वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या भरीचा आदर राखायचा. दुसरं, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबवायची. म्हणजे पडलेलं कोरीव तोरण कसं होतं हे कोणालाच ठाऊक नसेल, तर शेजारच्या देवळावरून नक्कल करून नवं घडवू असं लिहू नका. रिकामी जागा तशीच मजबूत करू, असं लिहा.

नेमकं सालच माहीत नाही. मग?

मग ‘साल अज्ञात’ लिहा. ‘सुमारे हजार वर्षं जुनं’ हे वाक्य पुराव्याशिवाय आलं की बाकीच्या सगळ्या विधानांची किंमत उतरते.

बांधकामाचं साल सापडत नसलं तरी थरांचा क्रम सापडतो. गिलाव्याचा लहान तुकडा निघाला की त्याच्या कडेला चुना, रंग, पुन्हा चुना, वर सिमेंट असे थर दिसतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं आहे, त्यामुळे तो थर आणि त्याच्या वरचं सगळं त्यानंतरचंच. पुढचं काम घरोघरच्या अल्बमांवर सोडा. देवळासमोर काढलेले लग्नाचे फोटो हा विलक्षण दस्तऐवज आहे. कुठल्याशा जोडप्याच्या मागे भिंत उघड्या दगडाची दिसते आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या फोटोत तीच भिंत रंगवलेली. लग्नाच्या तारखा घरात कोणी विसरत नाही, त्यामुळे बदल दोन तारखांच्या मधे पकडता येतो. फोटो कोणाकडून मिळाला आणि वापरायला परवानगी आहे का, हे मात्र लेखी घ्या.

भिंतीवरचं सिमेंट काढलंच पाहिजे का? ते तर जास्त मजबूत असतं.

मजबूत असतं, आणि अडचण तीच आहे. जुन्या भिंतीत दगडांमधली चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते. भिंतीत शिरलेलं पाणी दरजेतून बाहेर पडतं, क्षारही तिथेच साठतात, आणि झिजते ती दरज. ती काही पिढ्यांनी पुन्हा भरता येते. वरून सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. पाणी दगडाच्या अंगातून बाहेर पडू लागतं, क्षारांचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली वाढतात आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. ओळखायची खूण सोपी आहे: दरजा उंच राहिल्या आहेत आणि त्यांच्यामधले दगड खोल गेले आहेत. या एका फोटोखाली चार ओळींत कारण लिहिलंत तर वर्णनाची दोन पानं लिहावी लागत नाहीत.

परक्या साहित्यानं होणाऱ्या नुकसानाचं प्रसिद्ध उदाहरण अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या प्राचीन देवळांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली संगमरवराचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले गेले. प्राचीन कारागीर लोखंडाभोवती शिसं ओतत. बालानोस यांच्या कामात ते संरक्षण नव्हतं. लोखंड गंजलं, फुगलं आणि त्यानं दगड फोडला. नंतरच्या पिढीला ते काढून टायटॅनियम बसवावं लागलं.

पण ‘सगळं सिमेंट काढू’ असंही लिहू नका. काही ठिकाणी ते दगडाला इतकं घट्ट धरून असतं की काढताना दगडाची कड फुटते. तिथे ते ठेवणंच बरं. म्हणून आधी एक चौरस मीटरचा नमुना भाग हातछिन्नीनं मोकळा करून पाहा. ग्राइंडर नको, कारण त्याचं पातं दरजेत राहत नाही, दगडात घुसतं. या नमुन्यातून अंदाजपत्रकही निघतं.

अंदाजपत्रक नेमकं कसं मांडायचं?

‘भिंतींची दुरुस्ती – एकरकमी’ अशी ओळ म्हणजे नकाराला आमंत्रण. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

समजा गाभारा बाहेरून ४ मीटर बाय ४ मीटर आहे आणि भिंत ३ मीटर उंच. चारी बाजू मिळून १६ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर. दाराचे २ वजा केले की उरतात ४६. दगड साधारण ६० सेंटीमीटर लांब आणि ३० उंच असेल तर एका चौरस मीटरमध्ये आडव्या-उभ्या मिळून सुमारे ५ मीटर दरज येते. म्हणजे एकूण २३० मीटर. दरज १ सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर खोल मोकळी करायची तर भरायचा चुना होतो जेमतेम ५८ लिटर. वाया जाणारा धरून ७५ म्हणू. तीन-चार घमेल्यांत मावणार नाही, पण फारही नाही.

आता मजुरी. नमुना भागात एका कसबी गवंड्यानं दिवसाला ४ मीटर दरज मोकळी केली असं समजा. २३० मीटरला सुमारे ५८ दिवस लागतील. दोघे असतील तर २९. भरणं, दाबणं आणि ओलं ठेवणं याचे दिवस वेगळे. म्हणजे या ओळीत साहित्य नगण्य आणि हातांचा वेळ हाच खरा खर्च. ज्या प्रस्तावात याच कामाला साहित्य जास्त आणि मजुरी कमी दाखवलेली असते, तिथे ग्राइंडर आणि सिमेंट डोक्यात आहे हे अनुभवी माणसाला लगेच कळतं.

अशी मोजणी प्रत्येक कामाची करायची: परिमाण, दर, दराचा आधार, आणि ती जागा नकाशावर कुठे आहे त्याचा क्रमांक. परांची विसरू नका. लहान देवळाचं शिखर दुरुस्त करताना परांचीचा खर्च कधीकधी शिखरावरच्या कामाइतका होतो. मोजणी-नकाशे, चुन्याची चाचणी, तज्ज्ञाच्या भेटी, कामाआधी-कामानंतरची छायाचित्रं, शेवटचा अहवाल आणि हिशेबतपासणी यांनाही स्वतःच्या ओळी हव्यात. एकूण खर्च १०० धरला तर अशा न दिसणाऱ्या कामांना २० ते २५ लागले तरी दचकू नका. ते लपवून दगडकामात मिसळण्यापेक्षा उघड दाखवलेलं बरं.

आकस्मिक खर्चाची तरतूद दाखवली तर आपण कच्चे वाटतो का?

उलट. गिलावा उतरवल्याशिवाय आतली भिंत कोणालाच दिसत नाही. मी पहिल्या प्रस्तावात ती ओळ ठेवली नव्हती, रक्कम नेटकी दिसावी म्हणून. शिखरावरचं झुडूप कापलं तेव्हा त्याचं मूळ विटांमधून दोन हात आत गेलेलं निघालं. ते ओढून काढलं असतं तर विटाही आल्या असत्या. मूळ मारून, कुजू देऊन, पोकळी पातळ चुन्यानं भरण्यात एक पूर्ण हंगाम गेला आणि पैसे लोकांकडून उभे करावे लागले. तेव्हापासून मी १० टक्के धरतो आणि ते कशासाठी लागू शकतात हेही लिहितो. काही संस्था ही ओळ मान्यच करत नाहीत. नियम आधी वाचा. नसेल चालत, तर तो वाटा स्थानिक वर्गणीतून येईल असं दाखवा.

पैसे हप्त्यांनी येतात. त्याचा कामावर काय परिणाम होतो?

फार मोठा, आणि याचा विचार सहसा कोणी करत नाही. चुना सिमेंटसारखा रात्रीत आवळत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलसर गोणपाटाखाली, कडक उन्हापासून आणि झोडपणाऱ्या पावसापासून जपावं लागतं. थंडी गोठवणारी असेल तर कामच थांबतं. म्हणजे वर्षातले काहीच महिने उपयोगाचे. हप्ता उशिरा आला तर हंगाम हुकतो. म्हणून वेळापत्रकात हंगाम आधी मांडा आणि त्याच्या मागे हप्त्यांच्या तारखा लावा.

शेवटचा हप्ता बहुधा अहवाल आणि हिशेब दिल्यावर मिळतो. समजा तो २० टक्के आहे. म्हणजे काम संपेपर्यंत तेवढी रक्कम कोणीतरी आधी घालायला हवी. कोण घालणार, हे प्रस्तावात लिहिलेलं असलं की वाचणारा निश्चिंत होतो.

लोकसहभाग कसा लिहावा? ‘सर्व ग्रामस्थांचा उत्स्फूर्त पाठिंबा’ पुरेसा नाही का?

हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं, त्यामुळे त्याचं वजन शून्य. पाठिंब्याऐवजी कामं लिहा. देवळाची मालकी कोणाची आणि दुरुस्तीची लेखी परवानगी कोणी दिली. पूजाअर्चा चालू असताना काम कसं होणार, मूर्ती हलवायची की झाकायची, आणि हे ठरवताना पुजाऱ्यांशी कोण बोललं. दर पावसाळ्यापूर्वी पन्हळ आणि गटार कोण साफ करणार. शिखरावर उगवलेलं रोप दोन पानांचं असतानाच कोण उपटणार. किल्ली कोणाकडे.

सभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडा, आणि त्यात विरोधी मतही राहू द्या. सगळे एकमुखानं हो म्हणाले असं इतिवृत्त फारसं कोणाला खरं वाटत नाही. सभेला स्त्रिया होत्या का, हेही बघितलं जातं. रोज सकाळी गाभारा धुणारी बाई पाणी कुठे तुंबतं ते सगळ्यांआधी सांगते, पण तिला कोणी विचारत नाही.

श्रमदान पैशांत दाखवता येतं का?

बहुतेक संस्था मान्य करतात, पण त्याच कामाला स्थानिक अकुशल मजुराला जो दर मिळतो त्याच दरानं. हजेरीची वही ठेवा: तारीख, नाव, तास, काम, सही. माती उपसणं, पाणी भरणं, गोणपाट ओलं ठेवणं, चाळणं ही श्रमदानाची कामं आहेत. दरजा मोकळ्या करणं नाही. उत्साही तरुणांच्या हातात छिन्नी दिली की दगडाच्या कडा जातात, आणि त्या परत येत नाहीत. दोघा-तिघांना गवंड्याच्या हाताखाली शिकवण्याची वेगळी ओळ घाला. पुढच्या देखभालीला तेच उपयोगी पडतील.

लोकांना ऑइलपेंट आणि चकचकीत फरशी हवी आहे. संस्थेला नको. काय करायचं?

प्रस्तावात हा वाद लपवू नका. लोकांना मुळात हवं असतं ते स्वच्छ आणि उजळ देऊळ, आणि ती मागणी रास्त आहे. चुन्याची सफेदी उजळ असते, रंगद्रव्य घालून तिला छटाही देता येते, आणि ती भिंतीला श्वास घेऊ देते. फक्त दर वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागते, हे आधीच सांगा. फरशीबाबत मात्र मी ठाम असतो. एकावर एक फरश्या बसवून अंगण जोत्यापेक्षा वर आलं की पावसाचं पाणी भिंतीकडे वळतं आणि मग कितीही चुना भरला तरी ओल चढत राहते. अंगण मूळ पातळीला उतरवणं हे सगळ्यात अप्रिय आणि बहुधा सगळ्यात उपयोगी काम. माझ्या यादीत ते दरजांच्या आधी असतं.

जपानमध्ये तर देवळं पाडून नवी बांधतात. मग आपल्यालाच का अडवतात?

इसेच्या देवस्थानाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ते दर २० वर्षांनी नव्यानं बांधलं जातं, शेवटचं २०१३ साली. पण तिथे शेजारच्या मोकळ्या जागेवर त्याच आकाराची, तशाच लाकडाची वास्तू त्याच पद्धतीनं उभी राहते आणि ती कला हातोहात पुढे जाते. १९९४च्या नारा दस्तऐवजानं अस्सलपणा फक्त साहित्यात नसून परंपरा आणि तंत्रातही असू शकतो हे मान्य केलं. तुमच्याकडे अशी अखंड परंपरा असेल तर तो मुद्दा जरूर मांडा. काँक्रीटच्या शिखरासाठी तो चालणार नाही.

मागितल्याच्या निम्मेच पैसे मंजूर झाले तर?

याचं उत्तर प्रस्तावातच असावं. कामाचे टप्पे असे पाडा की प्रत्येक टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहील. पहिला टप्पा पाण्याचा: शिखराच्या भेगा, पन्हळ, अंगणाची पातळी, निचरा. दुसरा बाहेरच्या दरजांचा. तिसरा गाभाऱ्याच्या आतला. पैसे पहिल्यापुरतेच मिळाले तरी देवळाची पडझड थांबते. उलट क्रमानं, म्हणजे आतलं सुशोभन आधी केलं, तर पहिल्याच पावसात नव्या सफेदीवर जुना डाग उमटतो.

शिवाय पाणी थांबल्यावर जाड भिंत कोरडी व्हायला महिने जातात, कधी वर्षही. त्यामुळे दुसरा टप्पा लांबला तर फारसं बिघडत नाही. तेवढ्या काळात पेन्सिलीच्या खुणा चालू ठेवा. ओलीची रेघ खाली उतरते आहे हे दाखवणारे बारा फोटो पुढच्या अर्जाला जोडा.